‘अर्जंट आहे’ यापुढे काय लिहायचे?

३१ जुलै २०२४ या एकाच दिवशी देशभरातून ६९.९२ लाख आयकर रिटर्न भरली गेली. त्या वर्षी मुदतीत आलेली सगळी रिटर्न ७.२८ कोटींहून थोडी जास्त होती. म्हणजे जवळजवळ दहातला एक जण शेवटच्या दिवसाचा पाहुणा. या गर्दीतला मोठा भाग त्याआधीच्या आठवड्यात कोणत्या ना कोणत्या सीएच्या फोनवर येऊन गेलेला असतो, आणि त्याचा निरोप बहुधा असा असतो : ‘सर, रिटर्न भरायचे आहे. अर्जंट. कॉल करा.’

या निरोपातून सीएला काहीच कळत नाही. पगाराचे साधे रिटर्न आहे की घर विकले आहे? कर भरायचा उरला आहे की रिफंड येणार आहे? काम वीस मिनिटांचे की दोन दिवसांचे? हे समजून घ्यायला त्यांनी फोन करायचा, तुम्ही मीटिंगमध्ये असल्याने तो न उचलायचा, संध्याकाळी तुम्ही पुन्हा करायचा, यातच दीड दिवस जातो. त्याच दिवशी दुसऱ्या कोणी दहा ओळींचा नीट निरोप पाठवलेला असेल, तर त्याचे काम आधी हातात घेतले जाते. त्यात वशिला नसतो. त्या निरोपावर लगेच ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येते, एवढेच कारण.

असा निरोप लिहायचा तर मुदतीनंतर नेमके काय हातातून जाते, हे आधी स्वतःला ठाऊक हवे. मुदत चुकली की सगळे संपले, अशी समजूत असते. ती खरी नाही. मुदतीनंतरही त्या करनिर्धारण वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे रिटर्न भरता येते. त्याला पाच हजार रुपये विलंबशुल्क पडते, एकूण उत्पन्न पाच लाखांपर्यंत असेल तर एक हजार, आणि उरलेल्या करावर दरमहा एक टक्का व्याज. वेळेत भरलेल्या रिटर्नमध्ये बँकेचे व्याज दाखवायचे राहिले, एखादी वजावट विसरली, तर तेही निदान ३१ डिसेंबरपर्यंत सुधारता येते. अशा गोष्टींसाठी मुदतीच्या आठवड्यात सीएची झोप मोडायचे कारण नाही.

तीन गोष्टी मात्र परत येत नाहीत. शेअर, म्युच्युअल फंड किंवा धंद्यात झालेला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वळता करायचा असेल, तर रिटर्न मुदतीतच जावे लागते. जुन्या करप्रणालीत राहून घरभाडे, ८०सी वगैरे वजावटी घ्यायच्या असतील, तर ती निवडही मुदतीतच करावी लागते. उशिराचे रिटर्न आपोआप नव्या प्रणालीत जाते. आणि घर विकून आलेल्या नफ्यावरचा कर नव्या घराच्या नावाने वाचवायचा असेल, पण नवे घर अजून घेऊन झालेले नसेल, तर ती रक्कम मुदतीच्या आत बँकेच्या एका खास खात्यात जावी लागते. तुमचे काम या तिघांपैकी एकात बसत असेल, तर ते खरेच अर्जंट आहे, आणि तसे निरोपाच्या पहिल्या दोन ओळींत यायला हवे.

तिसऱ्या प्रकारचे एक उदाहरण पुरते उलगडून पाहू. माणसे कल्पित आहेत. नियम आणि तारखा आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या आहेत. त्या वर्षीची ३१ जुलैची मुदत मे महिन्यातच १५ सप्टेंबर २०२५ पर्यंत वाढवली गेली होती.

पुण्यात बाणेरला राहणाऱ्या, हिंजवडीत नोकरी करणाऱ्या एक बाई. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांनी नोकरी बदलली. डिसेंबर २०२४ मध्ये डोंबिवलीचा जुना फ्लॅट ५२ लाखांना विकला. तो त्यांनी जून २०१२ मध्ये स्टॅम्प ड्यूटी आणि नोंदणीसकट २२ लाखांना घेतला होता. विक्रीच्या पैशांतले बरेचसे मुदतठेवीत पडून आहेत. बाणेरलाच एका बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत नवा फ्लॅट ठरवला आहे. त्याचे दोन लाख भरले आहेत, करारनामा व्हायचा आहे. गणपतीत सगळे मागे पडले. विसर्जन शनिवारी ६ सप्टेंबरला झाले आणि मंगळवारी ९ तारखेला त्यांना रिटर्न आठवले.

कागद काढल्यावर पहिला घोळ दिसतो तो पगाराचा. दोन नोकऱ्यांचे दोन फॉर्म सोळा. पहिल्या कंपनीने सहा महिन्यांत सात लाख पगार दिला, वर्षाचा चौदा लाखांचा अंदाज धरून त्याचा निम्मा कर, म्हणजे ५४,६०० रुपये कापला. दुसऱ्या कंपनीने सहा महिन्यांत आठ लाख दिले. बाईंनी आधीच्या पगाराची माहिती तिला दिलीच नव्हती, त्यामुळे तिने आठ लाख हेच वर्षाचे उत्पन्न धरले आणि २३,४०० कापले. दोघांनीही ७५ हजारांची प्रमाणित वजावट दिली आणि दोघांनीही करमुक्त टप्पा शून्यापासून मोजला. खरा हिशेब एकत्र पंधरा लाखांवर, एकाच वजावटीनंतर, नव्या प्रणालीत १,३०,००० रुपये येतो. कापले गेले ७८,०००. म्हणजे फक्त पगारावरच ५२ हजार भरायचे राहिले. दोन्ही फॉर्म सोळा आपापल्या जागी बिनचूक आहेत, म्हणून कागदाकडे नुसते पाहून ही तूट कळत नाही. नोकरी बदललेल्या माणसाने निरोपात ‘वर्षात दोन नोकऱ्या’ एवढे लिहिले, तरी सीएला काय शोधायचे ते कळते.

आता फ्लॅट. २३ जुलै २०२४ नंतरच्या विक्रीला दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे आणि महागाईनुसार खरेदीची किंमत वाढवून घेण्याची सोय काढून टाकली आहे. पण त्या तारखेआधी घेतलेली जमीन किंवा घर असेल, तर इथे राहणाऱ्या व्यक्तीला जुन्या पद्धतीने वीस टक्क्यांचा हिशेब करून, दोन्हींतला कमी कर भरता येतो. बाईंचा नफा सरळ वजाबाकीने ३० लाख, त्यावर कर आणि उपकर मिळून ३ लाख ९० हजार. जुन्या पद्धतीने २२ लाखांची किंमत निर्देशांकाने वाढून ३९ लाख ९३ हजार होते, नफा १२ लाख ७ हजार, आणि कर उपकरासह २ लाख ५१ हजार. सुमारे १ लाख ३९ हजारांचा फरक, आणि तो पूर्णपणे खरेदीच्या वर्षावर टांगलेला. करार २०१२ चा पण ताबा दोन वर्षांनी मिळाला असेल, तर निर्देशांक कोणत्या वर्षाचा, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून मूळ करारनामा आणि ताबापत्र दोन्ही लागतात. नुसते ‘२०१२ साली घेतला’ म्हणून चालत नाही.

आणि शेवटी तो बिनपरतीचा प्रश्न : हा कर भरून मोकळे व्हायचे, की नव्या फ्लॅटच्या आधाराने वाचवायचा? वाचवायचा तर १५ तारखेच्या आत बँकेत कॅपिटल गेन्स अकाउंट उघडून पैसे टाकावे लागतील. किती, हा आणखी वेगळा पेच, कारण नफा एका हिशेबाने ३० लाख आहे आणि दुसऱ्याने १२ लाख. शिवाय नवे घर विकत घ्यायला विक्रीपासून दोन वर्षे मिळतात, बांधायला तीन, आणि बांधकाम सुरू असलेला फ्लॅट यांपैकी कशात बसवायचा हेही बघावे लागते. खात्यातला पैसा मुदतीत घराला लागला नाही, तर पुढे त्यावर कर बसतोच. सल्ला हवा तो याच जागी. रिटर्नचे रकाने कोणीही भरील.

आता कॅलेंडर पाहा. १३ सप्टेंबर २०२५ हा दुसरा शनिवार, १४ रविवार. बँका बंद. सोमवारी १५ तारखेला मुदत संपते आणि हे खाते काही तासाभरात उघडत नाही. सगळ्या शाखांना त्याची सवय नसते, ग्रामीण शाखांना ते उघडायचा अधिकारच नाही, फॉर्म वेगळा असतो, केवायसीचे कागद लागतात, मुदतठेव मोडावी लागते. म्हणजे बाईंची खरी मुदत शुक्रवार, १२ सप्टेंबर आहे. सीएची भेट बुधवारी, फार तर गुरुवारी सकाळी व्हायला हवी. हे गणित निरोप लिहिण्याआधी केले, तर ‘अर्जंट’ या शब्दाला अर्थ येतो.

समोरच्या माणसाचेही कॅलेंडर असते. सीएच्या ऑफिसात महिन्याच्या ७ तारखेला टीडीएस भरायचा असतो, ११ तारखेला जीएसटीचे विक्रीचे विवरण, २० तारखेला जीएसटीचा मासिक भरणा. १५ सप्टेंबरला तर आगाऊ कराचा दुसरा हप्ताही असतो, त्यामुळे रिटर्न आणि हप्ता दोन्ही एकाच दिवशी अंगावर येतात. ११ तारखेला दुपारी चार वाजता ‘जरा वेळ आहे का’ विचारणाऱ्याला काय उत्तर मिळणार? त्याच दिवशी सकाळी साडेआठला, ऑफिस गजबजण्याआधी, अर्धा तास मिळू शकतो. संध्याकाळी सातनंतर, कर्मचारी घरी गेल्यावरही मिळतो. ‘तुम्ही म्हणाल तेव्हा’ हे नम्र वाटते, पण त्याने काम लांबते, कारण वेळ शोधायचे ओझे पुन्हा त्यांच्यावरच पडते. आपण तीन ठोस वेळा द्याव्यात, त्या निदान दोन वेगवेगळ्या दिवसांतल्या असाव्यात, आणि किती मिनिटे लागतील, प्रत्यक्ष की फोनवर, हेही लिहावे.

बाईंनी मंगळवारी सकाळी पाठवलेला निरोप असा असू शकतो :

‘नमस्कार मॅडम. माझ्या नणंदेचे रिटर्न आपण भरता. तिने आपला नंबर दिला. मला १५ सप्टेंबरच्या मुदतीआधी अर्ध्या तासाचा सल्ला हवा आहे.

कारण : डिसेंबर २०२४ मध्ये डोंबिवलीचा फ्लॅट ५२ लाखांना विकला (जून २०१२ ची खरेदी, खर्चासह २२ लाख). नवा फ्लॅट ठरवला आहे, २ लाख दिले आहेत, करार झालेला नाही. कॅपिटल गेन्स अकाउंटमध्ये पैसे ठेवायचे का आणि किती, हे ठरवायचे आहे. शनिवार-रविवार बँक बंद, म्हणून शुक्रवारी पैसे भरावे लागतील.

शिवाय ऑक्टोबरमध्ये नोकरी बदलली, दोन फॉर्म सोळा आहेत. कर कमी कापला गेला असावा. शेअर नाहीत, धंदा नाही, परदेशात काही नाही.

तयार कागद : दोन्ही फॉर्म सोळा, एआयएस, २६एएस, खरेदी आणि विक्रीचे करारनामे, दोन्हींचे इंडेक्स टू, ताबापत्र, तीन बँकांची वर्षाची स्टेटमेंट, गेल्या वर्षीचे रिटर्न. उद्या मिळेल : बिल्डरची पावती. माझ्याकडे नाही : खरेदीदाराकडून फॉर्म १६बी, त्यांना आज फोन केला आहे.

वेळ : बुधवार १० तारीख सकाळी ८.३० किंवा संध्याकाळी ७ नंतर, गुरुवार ११ तारीख सकाळी ८.३०. ऑफिसला येऊ शकते, व्हिडिओ कॉलही चालेल. फी कृपया आधी कळवावी. या आठवड्यात जमण्यासारखे नसेल तर तेही आज संध्याकाळपर्यंत सांगावे, म्हणजे मी दुसरीकडे विचारीन.’

शेवटचे वाक्य उद्धट वाटेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. सीएला मात्र ते बरे वाटते. नवे काम नाकारणे त्यांनाही अवघड जाते, आणि दिलखुलास ‘नाही’ म्हणायची वाट तुम्हीच मोकळी करून दिलेली असते. ‘शेअर नाहीत, धंदा नाही’ ही ओळही तशीच उपयोगी. रिटर्नचा फॉर्म कोणता लागेल हे त्या एका वाक्यावरून ठरते. घरविक्रीचा असा नफा असलेल्याला सर्वांत साधा आयटीआर-१ चालत नाही, आयटीआर-२ लागतो. धंद्याचे उत्पन्न असते तर आयटीआर-३ वर जावे लागले असते, आणि कामाचा आवाका पार बदलला असता.

कागदांच्या यादीत ‘आहे’, ‘येईल’ आणि ‘नाही’ असे तीन ढीग करण्यालाही कारण आहे. नसलेला कागद लपवला की तो भेटीच्या विसाव्या मिनिटाला उघडा पडतो आणि भेट वाया जाते. आधी सांगितला तर सीए त्यावाचून काम कसे चालवायचे ते सुचवतात.

आपल्या उदाहरणात तो फॉर्म १६बी महत्त्वाचा आहे. पन्नास लाख किंवा त्याहून जास्त किमतीचे घर घेणाऱ्याने विकणाऱ्याच्या नावाने एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. बाईंच्या बाबतीत ५२ हजार रुपये. खरेदीदाराने तो भरलाच नाही, किंवा फॉर्ममध्ये पॅनचे एक अक्षर चुकवले, तर हे ५२ हजार बाईंच्या २६एएसमध्ये दिसत नाहीत, आणि न दिसणारा टीडीएस रिटर्नमध्ये दाखवला तर तो नाकारला जाऊन नोटीस येते. चूक खरेदीदारानेच दुरुस्त करावी लागते. बाईंच्या सीएच्या हातात ते नसते. म्हणून २६एएस आधी स्वतः उघडून पाहावे, आणि रक्कम दिसत नसेल तर सीएच्या आधी खरेदीदाराला फोन करावा.

एआयएस म्हणजे आयकर खात्याकडे तुमच्याविषयी आलेली सगळी माहिती. तिथे फ्लॅटची ५२ लाखांची पूर्ण किंमत दिसते, नफा दिसत नाही. कधी एकच विक्री दोनदा दिसते, एकदा नोंदणी कार्यालयाकडून आणि एकदा खरेदीदाराच्या टीडीएसमधून. घाबरून १ कोटी ४ लाखांची विक्री दाखवू नये. दुबार नोंदीला पोर्टलवर तसा प्रतिसाद देता येतो. इंडेक्स टूवर मोबदला आणि बाजारभाव अशा दोन रकमा असतात. बाजारभाव मोबदल्याच्या ११० टक्क्यांहून जास्त असेल, तर कर बाजारभावावर मोजला जातो. सीएची नजर आधी तिथेच जाते, म्हणून इंडेक्स टूचे पान सुट्या पीडीएफमध्ये, स्पष्ट स्कॅन करून द्यावे.

कागद पाठवायची रीतही सांगायला हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर सत्तावीस फोटो, त्यांतले चार आडवे आणि एक अर्धा कापलेला, हे अजूनही सर्रास चालते. एकेका कागदाची एकेक पीडीएफ करून नाव ओळखू येईल असे द्यावे, उदाहरणार्थ Form16_company2.pdf किंवा Flat_sale_index2.pdf, आणि सगळ्या एका ईमेलमध्ये पाठवाव्यात. एआयएसच्या पीडीएफला पासवर्ड असतो : लहान लिपीतला पॅन आणि त्याला जोडून जन्मतारीख. बँकेच्या स्टेटमेंटचाही वेगळा असतो. ते त्याच ईमेलमध्ये लिहावेत, नाहीतर रात्री अकराला ‘फाइल उघडत नाही’ असा निरोप येतो.

आयकर पोर्टलचा किंवा नेट बँकिंगचा पासवर्ड मात्र पहिल्याच निरोपात टाकू नये. सल्ल्यासाठी त्याची गरज नसते. आपल्या पक्षकाराची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर देणे हे सीएच्या बाबतीत कायद्याने व्यावसायिक गैरवर्तन ठरते, त्यामुळे कागद देताना फार धास्ती नको. पण नंबर ओळखीच्या ओळखीतून आलेला असेल, तर माणूस खरोखर सीए आहे ना, हे सदस्यत्व क्रमांक विचारून संस्थेच्या संकेतस्थळावर पाहता येते. ‘रिफंडच्या दहा टक्के द्या’ म्हणणाऱ्यापासून तर दूरच राहावे. निकालावर किंवा टक्केवारीवर फी घेण्याची सीएला सामान्यतः मुभाच नाही. खोट्या वजावटी घालून रिफंड काढून देणाऱ्यांविरुद्ध जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने देशभरात दीडशे ठिकाणी कारवाई केली होती. अशा रिटर्नचे उत्तर शेवटी करदात्यालाच द्यावे लागते.

भेटीत काय घडते ते थोडक्यात. बाईंसमोर दोन वाटा मांडल्या जातात. पहिली, पगाराची तूट ५२ हजार आणि फ्लॅटवरच्या २ लाख ५१ हजारांतून टीडीएस वजा जाता १ लाख ९९ हजार, असे अडीच लाख आणि वर एप्रिलपासूनचे व्याज भरून रिटर्न द्यायचे. दुसरी, पगाराची तूट भरायची, शुक्रवारी ठेव मोडून कॅपिटल गेन्स खात्यात पैसे टाकायचे आणि फ्लॅटवरचा कर वाचवायचा. नव्या फ्लॅटच्या ताब्याची तारीख पक्की असेल तर दुसरी वाट बरी. बिल्डरच डळमळीत असेल तर लाखो रुपये एका खात्यात अडकवण्यापेक्षा कर भरलेला परवडतो, असे माझे मत. हे ठरवायला सीए लागतात. रिटर्नवर त्यांची सही लागत नाही. नोकरदाराचे रिटर्न कायद्याने त्याचे त्यालाच भरता येते.

भेट झाली म्हणजे काम झाले असे नाही. कर भरताना पोर्टलवर करनिर्धारण वर्ष चुकीचे निवडले तर पैसे भलत्या वर्षात जातात. २०२४-२५ च्या उत्पन्नासाठी ते २०२५-२६ असते. चलनाची प्रत लगेच सीएकडे पाठवावी. रिफंडाचे बँक खाते पोर्टलवर पडताळलेले आहे का, आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू आहे का, हे आधीच पाहावे. जुना नंबर बंद करून टाकलेल्यांचे रिटर्न शेवटच्या रात्री ओटीपीपाशी अडते. रिटर्न टाकल्यावर तीस दिवसांत ई-व्हेरिफाय करावे लागते. त्याहून उशीर झाला, तर व्हेरिफाय केल्याची तारीख हीच रिटर्नची तारीख धरली जाते आणि वेळेत भरलेले रिटर्न उशिराचे होते. सीएच्या ऑफिसातून ‘भरले’ असा निरोप आला, की ‘व्हेरिफाय झाले का?’ असे उलट विचारावे.

मुदत वाढेल या आशेवर बसणारेही असतात. २०२५ मध्ये १५ सप्टेंबरला रात्री उशिरा मुदत एका दिवसाने, १६ सप्टेंबरपर्यंत वाढवल्याची घोषणा झाली. बाईंनी तिच्या भरवशावर शुक्रवार घालवला असता, तर हाताशी आले असते ते मंगळवारचे बँकेचे चार-सहा तास.

समजा कोणत्याच सीएकडे वेळ मिळाली नाही, आणि तुमचे काम त्या तीन बिनपरतीच्या गोष्टींपैकी नाही. मग मुदतीच्या आत हाती असलेल्या कागदांवरून, प्रामाणिक हिशेबाने कर भरून स्वतः रिटर्न टाका आणि व्हेरिफाय करा. सीएची भेट मुदतीनंतरच्या निवांत आठवड्यात घ्या. त्यांनी चूक दाखवली तर सुधारित रिटर्नसाठी निदान ३१ डिसेंबरपर्यंत वेळ आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला असला, तरी २०२५-२६ या वर्षाच्या उत्पन्नाला १९६१ चाच कायदा लागू आहे. तारखा मात्र दर वर्षी पोर्टलवर स्वतः पाहून घ्या, आणि मग निरोप लिहायला बसा.